सबटायटलमधला ‘नका’ उशिरा आला तर? मशीन जोडणीच्या व्हिडिओत मराठी मजकूर असा बसवतात

सातारा एमआयडीसी असो, कुपवाड असो की १९१०मध्ये वसलेली सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी. यंत्रांच्या कारखान्यांत नव्या कामगाराला जोडणी शिकवायची तर व्हिडिओ सोयीचा पडतो. व्हिडिओ इंग्रजीत असेल तर खाली मराठी सबटायटल लागते. भाषांतर बरोबर असूनही ते चुकीचे काम शिकवू शकते. कसे, ते पाहू.

अडचण काय?

पंपाच्या फ्लँजला चार बोल्ट लावण्याचे दृश्य पाच सेकंदांचे आहे. मजकूर असा: ‘चारही बोल्ट एकदम पूर्ण घट्ट करू नका, आधी हाताने बसवा आणि मग समोरासमोरच्या क्रमाने पान्याने थोडे थोडे आवळा.’ हे अठरा शब्द सावकाश वाचायला सात-आठ सेकंद लागतात. म्हणून मजकूर तोडला जातो आणि पहिल्या पट्टीत उरते ‘चारही बोल्ट एकदम पूर्ण घट्ट’.

इंग्रजीत नकार वाक्याच्या सुरुवातीला येतो, मराठीत शेवटी. ‘करू नका’ दिसेपर्यंत पाना फिरलेला असतो. एक बाजू आधी आवळली की फ्लँज तिरका बसतो, समोरच्या बाजूला गॅस्केट पुरेसे दाबले जात नाही आणि चाचणीत पाणी गळते.

उपाय काय?

एका पट्टीत एकच कृती, क्रियापदासह पूर्ण. नकाराऐवजी जे करायचे तेच सांगायचे:

```
14
00:01:12,000 --> 00:01:14,400
चारही बोल्ट आधी हाताने बसवा.

15
00:01:14,600 --> 00:01:17,000
मग समोरासमोर, थोडे थोडे आवळा.
```

प्रत्येक पट्टीत पाच शब्द, २.४ सेकंद. म्हणजे सेकंदाला साधारण दोन शब्द. वाचून नजर पुन्हा हाताकडे वळवायला थोडा वेळ उरतो. ‘घट्ट करा’ऐवजी वर्कशॉपमधला ‘आवळा’ घेतल्याने एक शब्दही वाचतो. दुसरी पट्टी पाना दिसतो त्याच क्षणी यायला हवी. आधी आली तर हात घाई करतो.

अक्षरे मोजून चालेल का?

पूर्णपणे नाही. सॉफ्टवेअर अनेकदा प्रत्येक चिन्ह वेगळे मोजते. ‘स्क्रू’ एका दमात उच्चारला जातो, पण त्यात सहा चिन्हे धरली जातात. म्हणून जोडाक्षरांची ओळ उगाच लांब ठरते. खरी चाचणी सोपी आहे: आवाज बंद करून व्हिडिओ लावा आणि पट्टी मोठ्याने वाचा. दृश्य बदलण्याआधी वाक्य संपले नाही, तर शब्द कमी करा.

काय गाळू नये?

किती टॉर्कने आवळायचे तो आकडा आणि कोणता बोल्ट आधी, हा क्रम. हे बसत नसेल तर मजकूर कापण्यापेक्षा दृश्य दोन सेकंद थांबवणे बरे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पातही संहितेत वेळ आणि निवेदन असे दोन रकाने असतात. जोडणीच्या व्हिडिओसाठी त्यात तिसरा रकाना जोडावा: त्या क्षणी हात काय करतो आहे.