वरच्या मजल्यावर वायफाय का रखडतं?

फायबरवाला येतो, दारातून तार आत घेतो आणि राउटर टीव्हीखालच्या कपाटात ठेवून जातो. खाली हॉलमध्ये नेट जोरात चालतं. वर मागच्या खोलीत व्हिडिओ कॉल अडखळतो. दोन मजली घरात मधला स्लॅब हाच मुख्य अडथळा असतो. काँक्रीट आणि त्यातल्या लोखंडी सळ्या मिळून वायफायचा बराच जोर शोषतात, आणि त्यातही 5 गिगाहर्ट्झचा वेगवान पट्टा जास्त मार खातो. फोन मग 2.4 गिगाहर्ट्झवर उतरतो. तो लांब पोचतो, पण हळू असतो, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या राउटरचीही त्यात गर्दी असते.

अशा वेळी दुकानदार दोन पर्याय दाखवतो. दीड-दोन हजारांचा एक्स्टेंडर, नाहीतर त्याच्या तिपटी-चौपटीचा दोन डब्यांचा मेश संच. माझ्या मते यात नावापेक्षा एकच प्रश्न महत्त्वाचा आहे: वरचा डबा खालच्या डब्याशी कशाने जोडलेला आहे?

समजा, घरात 100 एमबीपीएसचं कनेक्शन आहे. फोन राउटरच्या वायफायवर ठेवून स्पीड टेस्ट घेतली, तर हॉलमध्ये 90, जिन्याच्या वरच्या टोकाला 60 आणि मागच्या खोलीत जेमतेम 8 दिसतात. बहुतेक जण एक्स्टेंडर नेमका त्या 8 वाल्या खोलीतच लावतात. लगेच फोनवर वायफायच्या सगळ्या दांड्या भरतात, पण नेट होतं तसंच रखडतं. कारण त्या दांड्या फोन ते एक्स्टेंडर एवढंच अंतर सांगतात. एक्स्टेंडरला स्वतःलाच 8 मिळत असतील, तर तो पुढे जास्त कुठून देणार? त्याची जागा जिन्याच्या वरच्या टोकाला, जिथे 60 मिळतात तिथे. तरी खोलीत साधारण 30 च्या आसपासच अपेक्षा ठेवा, कारण स्वस्त एक्स्टेंडर एकाच चॅनेलवर आधी ऐकतो आणि मग तेच पुन्हा बोलतो. निम्मा वेळ ऐकण्यात जातो.

एका खोलीत एकट्याच्या कामाला 30 पुष्कळ झाले. तिथे मेशवर पैसे घालू नयेत.

एक्स्टेंडर जोडायचा तो राउटरजवळच्या प्लगमध्ये. राउटरचं डब्ल्यूपीएस बटण दाबून दोन मिनिटांच्या आत एक्स्टेंडरचं दाबा. दिवा स्थिर झाला, की काढून जिन्यावर न्या. बरेच एक्स्टेंडर नावापुढे `_EXT` लावून वेगळं नेटवर्क काढतात. नाव वेगळं ठेवलं किंवा एकच केलं, तरी घरात फिरताना फोन लांबच्या डब्याला चिकटून राहण्याची खोड पूर्ण जात नाही.

मेशचा खरा फायदा इथे आहे. दोन्ही डबे एकमेकांशी बोलून फोनला जवळच्या डब्याकडे वळवतात, त्यामुळे कॉल चालू असताना जिना चढला तरी सहसा तुटत नाही. पण दोन पट्ट्यांचा साधा मेशही वरखाली बिनतारीच जोडलेला असेल, तर स्लॅबची झळ त्यालाही बसते. वरचा डबा जिन्याच्या मोकळ्या जागेतच ठेवावा, कपाटात नाही आणि बाथरूमच्या भिंतीमागेही नाही.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे दोन डब्यांमध्ये कॅट-6 ची केबल. जुन्या टीव्ही केबलचा पाइप वर जात असेल, तर त्यातून ती ओढता येते. मग स्लॅबचा प्रश्नच उरत नाही आणि वर खालच्याइतकाच वेग मिळतो. केबलच्या टोकांना आठही तारा नीट बसवून घ्या. चारच धरल्या, तर वेग 100 च्या आत अडकतो, आणि पुढे 300 चा प्लॅन घेतलात की ते जाणवतं.

मेशची मांडणी करताना पहिला डबा फायबरवाल्याच्या राउटरला केबलने जोडा. ॲपमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड निवडा, नाहीतर एकामागे एक दोन राउटर होतात आणि काही गेम किंवा कॅमेरे हट्ट करतात. मेश चालू झाल्यावर जुन्या राउटरचं वायफाय बंद करा. मेशला जुनंच नाव आणि पासवर्ड दिला, तर फोन, टीव्ही सगळे आपोआप जुळतात. दुसरा डबा आधी पहिल्याशेजारी ठेवून ॲपमध्ये जोडा आणि मग वर न्या. जागा बदलल्यावर दर वेळी मागच्या खोलीत स्पीड टेस्ट घ्या, दांड्या मोजू नका.

शिवाय इन्व्हर्टरवरचा प्लग पाहून ठेवा. वीज गेल्यावर खालचा राउटर चालू राहतो आणि वरचा डबा साध्या प्लगवर असतो, मग वर पुन्हा आठावर.