अनोळखी गेन आणि एमआयटी नियम

संदर्भ मॉडेलवर आधारित अनुकूली नियंत्रणात यंत्रणेने कसे वागावे हे एका मॉडेलच्या रूपात आधीच ठरवलेले असते. एकच आज्ञा मॉडेललाही मिळते आणि खऱ्या यंत्रणेलाही. दोघांच्या उत्तरांत फरक पडला, की त्या फरकावरून नियंत्रक स्वतःचा एखादा आकडा बदलतो आणि फरक नाहीसा होईपर्यंत बदलत राहतो. बहुतेक पाठ्यपुस्तके या विषयाची सुरुवात एकाच अज्ञात राशीपासून करतात. ती राशी म्हणजे यंत्रणेचा गेन, अर्थात दिलेल्या आदानाला यंत्रणा किती पटीने उत्तर देते तो आकडा.

ही गरज विमानांतून आली. सुकाणूचा पाटा तेवढाच वळवला तरी विमान किती वळेल हे हवेच्या गतिज दाबावर अवलंबून असते आणि हा दाब वेग व उंचीप्रमाणे कितीतरी पटींनी बदलतो. जमिनीवर नीट जुळवलेला स्वयंचालक म्हणूनच उंचावर गेल्यावर सुस्त किंवा बेफाम वाटू शकतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या इन्स्ट्रुमेंटेशन लॅबोरेटरीत व्हिटेकर, यॅमरॉन आणि केझर यांनी 1958 मध्ये यावर उपाय मांडला. संस्थेच्या नावावरून त्याला ‘एमआयटी नियम’ म्हणतात.

एक साधी मोटर घेऊ. तिला u इतके व्होल्टेज दिले, की तिचा वेग y असा बदलतो:

dy/dt = −y + k·u

येथे k हा गेन अज्ञात आहे, पण तो धन आहे एवढे ठाऊक आहे. आज्ञेला r म्हणू. मोटरने या मॉडेलसारखे वागावे अशी अपेक्षा आहे:

dym/dt = −ym + r

नियंत्रक आज्ञेला θ या आकड्याने गुणून मोटरला देतो, म्हणजे u = θ·r. k·θ = 1 झाले, की मोटर आणि मॉडेल यांत फरक उरत नाही. k ठाऊक असता तर θ = 1/k लिहून काम संपले असते. तो ठाऊक नाही, म्हणून चालत्या मोटरवरच θ शोधायचा.

त्यासाठी फरक e = y − ym मोजायचा आणि त्याच्या वर्गाचा निम्मा भाग, e²/2, कमीत कमी करायचा. θ थोडा वाढवल्याने ही राशी वाढते की घटते, हे तिचा θ नुसारचा उतार सांगतो. उतार जिकडे चढतो त्याच्या उलट दिशेला θ सरकवायचा, एवढेच ग्रेडियंट नियमाचे सार:

dθ/dt = −γ·e·(∂e/∂θ)

γ म्हणजे शिकण्याचा वेग, तो अभियंता निवडतो. पण ∂e/∂θ काढायला k लागतो, आणि k तर माहीतच नाही! अडचण दिसते तेवढी मोठी नाही. θ अगदी सावकाश बदलतो असे धरले, तर ∂e/∂θ ही राशी k·ym एवढीच येते, म्हणजे मॉडेलच्या उत्तराच्या प्रमाणात. k हा तर नुसता गुणक आहे. त्याला γ मध्ये मिसळून टाकले, की जो नियम उरतो त्यात अज्ञात काहीच राहत नाही:

dθ/dt = −γ·ym·e

मात्र k चे चिन्ह ठाऊक हवे. ते उलटे धरले, तर θ प्रत्येक क्षणी चुकीच्या दिशेला ढकलला जातो आणि फरक घटण्याऐवजी वाढतच जातो.

आता आकडे घालू. k चे खरे मूल्य 0.5 आहे, पण नियंत्रकाला ते सांगितलेले नाही. म्हणजे θ ने शेवटी 2 वर पोहोचायला हवे. सुरुवातीला θ = 0, आज्ञा r = 1 आणि γ = 1. पहिल्या सेकंदात मॉडेलचे उत्तर 0.63 पर्यंत चढते, तर मोटर जवळजवळ जागच्या जागी असते. या वेळी θ जेमतेम 0.17 झालेला असतो, कारण ym लहान असेपर्यंत नियमही हळू चालतो. तिसऱ्या सेकंदाला तो साधारण 1.3 आणि पाचव्याला जवळपास 2 होतो. मोटर मात्र अजून मागे असते, म्हणून θ थोडा पुढे, 2.1 पर्यंत जातो आणि मग मागे येऊन 2 वर स्थिरावतो. फरक शून्य होतो.

इथपर्यंत सारे सुरळीत आहे. γ वाढवला तर शिकणे वेगाने होईल असे वाटते, आणि नियमातली खोच इथेच आहे. θ च्या हालचालीचा जोर γ एकट्यावर नव्हे, तर γ·k·r·ym या गुणाकारावर ठरतो. ym स्वतः आज्ञेच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे आज्ञा दहापट केली की हा जोर शंभरपट होतो. वरच्या मोटरमध्ये r = 10 ठेवला, तर γ तोच असूनही वेग जवळजवळ दर सेकंदाला एक, अशी आंदोलने करत राहतो आणि ती शमायला बरेच सेकंद लागतात.

यंत्रणा दुसऱ्या कोटीची असली तर आंदोलनावरच भागत नाही. y'' + y' + y = k·u असे तिचे वर्तन धरू, मॉडेलही तसेच, फक्त त्याचा गेन 1. स्थिर आज्ञेखाली हिशेब केला, तर γ·k·r·ym हा गुणाकार 1 पेक्षा कमी असेपर्यंतच सारे स्थिर राहते. k = 0.5 आणि γ = 0.2 घेतल्यास r = 1 ला गुणाकार 0.1 येतो. r = 3 लाही तो 0.9 आहे, म्हणजे जेमतेम निभावते. r = 3.5 ला मात्र तो 1.2 च्या वर जातो आणि आंदोलने वाढत जातात. लहान आज्ञांवर उत्तम चाललेली चाचणी म्हणूनच मोठ्या आज्ञेची हमी देत नाही. ‘θ सावकाश बदलतो’ हे गृहीतक अशा वेळी मोडलेले असते. नियम मात्र त्याच्याच भरवशावर पुढे चालतो.

यावरचा एक उपाय म्हणजे आज्ञेच्या आकाराचा प्रभाव भागून काढणे:

dθ/dt = −γ·ym·e/(α + ym²)

α हा लहान धन आकडा शून्याने भागण्याची वेळ येऊ देत नाही. मोठ्या आज्ञेला जोर आता बेसुमार वाढत नाही, पण γ बेताचा हवाच. अधिक मुळातला मार्ग पार्क्स यांनी 1966 मध्ये दाखवला. त्यांनी ल्यापुनोव्हच्या स्थिरतेच्या सिद्धांतावरून नियम बांधला. मोटरसाठी तो dθ/dt = −γ·r·e असा होतो, म्हणजे ym च्या जागी r. बदल क्षुल्लक दिसतो, पण या मोटरला त्याने मिळणारी स्थिरता γ च्या कोणत्याही धन मूल्याला टिकते. अर्थात k च्या चिन्हाची अट इथेही सुटत नाही.

एक दोष मात्र दोन्ही नियमांत राहतो. मोटरवर स्थिर भार आला आणि त्याने समीकरणात −0.2 ची भर घातली, तर नियम ही तूट गेनमधली समजतो. r = 1 असताना θ 2.4 वर थांबतो, फरक शून्य होतो आणि सारे ठीक दिसते. आज्ञा 2 केली, की θ पुन्हा हलून 2.2 वर जातो. गेन स्थिर असूनही आज्ञेबरोबर θ बदलत असेल, तर गेनखेरीज काहीतरी दडले आहे असे समजावे. मग आदानात एक स्वतंत्र अज्ञात पद घालून तेही शोधू द्यावे. आज्ञा एकाच मूल्यावर अडून राहिली, तर हे दोन आकडे वेगळे ओळखता येत नाहीत. त्यासाठी ती अधूनमधून बदलावी लागते. आणि आज्ञा शून्य असेल, तर ym व r दोन्ही शून्य होऊन θ आहे तिथेच थांबतो, मग तो बरोबर असो वा नसो.