तोडणीआधीचं डोकं, तोडणीनंतरचं डोकं

उसाचं बिल वर्षाकाठी एकदाच येतं. तोडणीआधीच्या महिन्यांत दागिने गहाण पडतात, उसनवारी वाढते. बिल जमा झालं की देणी भागतात. एकच माणूस एका वर्षात तंगीही पाहतो आणि हातात खेळणारा पैसाही. हे हेरून आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्दार शफीर आणि जियायिंग झाओ यांनी तमिळनाडूतल्या 464 ऊस उत्पादकांची तोडणीआधी आणि नंतर चाचणी घेतली. निष्कर्ष 2013 मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आले.

एका चाचणीत आकृत्यांच्या नक्षीतला गाळलेला तुकडा ओळखायचा होता. दुसरीत ‘5 5 5’ असं दिसलं की ‘पाच’ नव्हे, ‘तीन’ म्हणायचं. कारण आकडे किती आहेत ते सांगायचं होतं. तोडणीनंतर नक्षीची बरोबर उत्तरं सुमारे पाव पटीने वाढली, दुसऱ्या चाचणीतला वेग वाढला आणि चुका घटल्या. हा हंगामाचा किंवा सणांचा परिणाम म्हणावा, तर कारखान्यांच्या मर्यादित गाळप क्षमतेमुळे तोड काही महिने चालते आणि शेजारच्या दोन शेतांतही ती वेगवेगळ्या वेळी येते.

बुद्धी कमी झाली नव्हती. ती हप्ते, व्याज आणि किराणा यांच्या हिशेबात अडकली होती. अर्थात प्रत्येक तंगी सारखी नसते. अमेरिकेत पगाराच्या आधी आणि नंतर अल्प उत्पन्न असलेल्यांना तपासलं, तेव्हा असा फरक आढळला नाही.

ओडिशातल्या एका प्रयोगाने प्रत्यक्ष कामावरचा परिणाम दाखवला. तिथे पत्रावळी लावणाऱ्या, नगावर मजुरी घेणाऱ्या कामगारांपैकी काहींना मजुरीचा मोठा भाग काम संपण्याआधीच दिला. दर तोच, फक्त पैसे आधी. अनेकांनी लगेच देणी चुकवली. पुढच्या दिवसांत त्यांचं उत्पादन सुमारे 7 टक्क्यांनी वाढलं आणि पत्रावळीत नको तिथे पडणारी भोकं, जास्तीचे टाके कमी झाले.

मदतीच्या योजनांनी यातून वेळेचा धडा घ्यावा. केनियात मका उत्पादकांना पुढच्या हंगामाचं खत काढणीनंतर लगेच, हातात पैसे असताना विकून घरपोच दिलं, तेव्हा खत वापरणारे वाढले. आपल्याकडेही पीककर्जाच्या अटी समजावणारी शिबिरं बिलं जमा झाल्यावर भरवता येतील. अर्जातली जी माहिती सरकारकडे आधीच आहे ती पुन्हा मागू नये, मुदतीआधी आठवण द्यावी आणि एक कागद राहिला म्हणून मदत थांबवण्याऐवजी तो आणून देण्यासाठी काही दिवस द्यावेत. लांबलचक अर्ज, तीन खेपा आणि चुकलेली एक तारीख यांचा सर्वाधिक फटका ज्याच्यासाठी योजना आखली त्यालाच बसतो. मग त्याला निष्काळजी ठरवलं जातं, पण दुरुस्ती अर्जात आणि तारखांत करायला हवी.