एक भरणा, अनेक विक्रेते

पुण्यातील एका ग्राहकाने ऑनलाइन बाजारपेठेतून भूमचा ६०० रुपयांचा खवा आणि तुळजापूरची ४०० रुपयांची कवड्यांची माळ मागवली, असे समजा. त्याने १००० रुपये एकदाच भरले. विक्रेते मात्र दोन आहेत.

ही रक्कम थेट विक्रेत्यांकडे जात नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, भरणा गोळा करणाऱ्या बँकेतर संस्थेला ती शेड्यूल्ड बँकेतील एस्क्रो खात्यात ठेवावी लागते. विभागणी प्रथम होते ती हिशेबवहीत. दहा टक्के दलाली धरली आणि करकपात बाजूला ठेवली, तर खवा विक्रेत्याच्या नावे ५४०, माळ विक्रेत्याच्या नावे ३६० व बाजारपेठेच्या नावे १०० रुपये पडतात.

खवा नाशवंत असल्याने पोच होताच त्याचे पैसे देता येतात. माळ परत करण्याची मुदत सात दिवस मानू. पाचव्या दिवशी ती परत आली, तर ग्राहकाला ४०० रुपये जातात : ३६० विक्रेत्याच्या नोंदीतून आणि ४० दलालीतून. हे ३६० रुपये आधीच दिले असते, तर विक्रेत्याची शिल्लक उणे होऊन पुढील विक्रीतून वसूल करावी लागली असती. पुढे विक्रीच झाली नाही, तर तोटा बाजारपेठेचा.

आता ताळा पाहा. खव्याचे ५४० आणि परताव्याचे ४०० गेल्यावर खात्यात ६० रुपये उरतात. खव्यावरील दलालीही तेवढीच आहे. या दोन आकड्यांत फरक पडला, तर एखादी नोंद राहिली आहे किंवा दुबार झाली आहे, असे समजावे.