राजीनामा कोणत्या तारखेला?

नोव्हेंबर २०२४ मधली गोष्ट. माझी भाची पुण्यात हिंजवडीच्या एका कंपनीत टेस्टिंगमध्ये होती. दुसरीकडून चांगली ऑफर आली, म्हणून सोमवारी, १८ तारखेला राजीनामा टाकायचा असं तिने ठरवून टाकलं होतं. आदल्या रात्री तिचा फोन आला. "मामा, एकदा माझं जुनं ऑफर लेटर बघशील का? जॉइनिंग बोनसचं काहीतरी आहे त्यात."

मी बावीस वर्षं एचआरमध्ये काढली. असली पत्रं मीच तयार करायचो, त्यामुळे कुठल्या परिच्छेदात काय पुरलेलं असतं ते मला ठाऊक होतं. पान चार. ती १४ ऑगस्ट २०२३ ला रुजू झाली तेव्हा पहिल्या पगाराबरोबर तिला ३ लाख रुपये जॉइनिंग बोनस मिळाला होता. अट अशी, की रुजू झाल्यापासून १८ महिन्यांच्या आत तिने राजीनामा दिला किंवा तिची नोकरी संपली, तर ही सगळी रक्कम कंपनीला परत करायची. मुदत १३ फेब्रुवारी २०२५ ला संपत होती.

भाचीचा हिशेब साधा होता. नोटीस पिरियड ९० दिवसांचा. १८ नोव्हेंबरला राजीनामा दिला तर शेवटचा दिवस १५ फेब्रुवारी. म्हणजे मुदत संपून दोन दिवस झालेले, आणि ३ लाख सुटले! हिशेब बरोबर होता, वाचन चुकलं होतं. अटीत 'नोकरी संपली' एवढंच असतं तर ती सुटली असती. तिथे 'राजीनामा दिला किंवा' हे तीन शब्द आधी बसले होते. राजीनाम्याचा ईमेल १८ नोव्हेंबरला गेला असता, तर त्या तारखेला पंधरा महिनेच भरत होते. फुल अँड फायनलच्या कागदावर ३ लाख वजा झाले असते, आणि तिला ते फेब्रुवारीत कळलं असतं.

या वसुलीच्या अटीला आपल्याकडे सरसकट 'क्लॉबॅक' म्हणतात. मूळ अर्थाने क्लॉबॅक वेगळा. वरिष्ठ अधिकाऱ्याने गैरप्रकार केला किंवा त्याने दाखवलेला नफा पुढे खोटा निघाला, तर दिलेला बोनस परत घ्यायचा, ही त्यामागची कल्पना. रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये खासगी बँकांच्या बड्या अधिकाऱ्यांच्या पगाराचे नियम काढले, त्यात हा क्लॉबॅक आहे. त्याच वर्षी जानेवारीत आयसीआयसीआय बँकेच्या संचालक मंडळाने चंदा कोचर यांना एप्रिल २००९ ते मार्च २०१८ या काळात दिलेले बोनस परत घ्यायचं ठरवलं, आणि प्रकरण न्यायालयात गेलं. माझ्या भाचीने काहीच गैर केलं नव्हतं. तिला फक्त नोकरी बदलायची होती. दोन्हींना एकच शब्द वापरल्यामुळे साध्या कर्मचाऱ्याला उगाच गुन्हेगार असल्यासारखं वाटतं, हे मला कधीच पटलं नाही.

आता या ३ लाखांतली खरी खोच. ते तिच्या खात्यात ३ लाख म्हणून आलेच नव्हते. तिचा पगार तीस टक्क्यांच्या टप्प्यात पोचलेला. त्यावर सेस धरला तर ३१.२ टक्के. म्हणजे ९३,६०० रुपये टीडीएस कापून हातात आले २,०६,४००. परत करायचे मात्र पूर्ण ३ लाख, कारण कंपनीच्या पत्रात रक्कम करापूर्वीची लिहिलेली असते. बोनस आणि परतफेड एकाच आर्थिक वर्षात झाली तर कंपनी त्या वर्षाचा पगार तेवढा कमी दाखवते आणि फॉर्म १६ मध्ये प्रकरण बऱ्यापैकी मिटतं. इथे बोनस २०२३-२४ मधला आणि वसुली २०२४-२५ मध्ये होणार होती. मागच्या वर्षीचा कर सरकारजमा झालेला, फॉर्म १६ निघालेला. कंपनी त्यात हात घालत नाही, आणि तो कर परत मागायचा म्हटलं तर सीए गाठून प्राप्तिकर खात्याशी स्वतः वाद घालावा लागतो. न मिळालेले ९३ हजार खिशातून भरावे लागतात ते असे. अट लिहून घेतानाच 'करानंतर हातात आलेली रक्कम' असे शब्द मागून बघावेत. कंपन्या सहसा देत नाहीत, पण मी दोनदा दिले आहेत.

त्याहून सहज मिळणारी सवलत म्हणजे प्रो-राटा, म्हणजे भरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात सूट. १८ महिन्यांसाठी ३ लाख, म्हणजे महिन्याला साधारण १६,६६७. पंधरा महिने भरल्यावर राजीनामा दिला तर उरलेल्या तीन महिन्यांचे ५० हजार फक्त. ३ लाखांच्या जागी ५० हजार! हे शब्द सही करायच्या आधी मागायचे असतात. नंतर मागून काही उपयोग नसतो.

भाचीने विचारलं, "पण मामा, हे कायद्यात बसतं का? मला बांधून ठेवल्यासारखंच झालं ना." प्रश्न रास्त आहे. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करार मोडल्यावर करारात लिहिलेला आकडा जसाच्या तसा मिळेलच असं नाही, त्या मर्यादेत वाजवी भरपाई मिळते. पण मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या खटल्यात कर्मचाऱ्याच्या विरोधात निकाल दिला. तीन वर्षं न भरता सोडल्यास २ लाख भरायचे, अशी त्यातली अट होती. अधिकारी २००९ मध्ये दुसऱ्या बँकेत गेला, पैसे भरले आणि मग भांडला. उच्च न्यायालयात जिंकला, सर्वोच्च न्यायालयात हरला. नोकरी चालू असतानाची अशी अट व्यवसायस्वातंत्र्यावर बंधन ठरत नाही, आणि सरकारी बँकेला नव्याने भरती करण्याचा खर्च येतो, असं न्यायालयाने म्हटलं. तो बॉन्ड होता. जॉइनिंग बोनस तर कंपनीने रोख मोजलेला असतो, तो परत मागताना कंपनीची बाजू त्याहून भक्कम असते असं माझं मत. प्रशिक्षणाच्या नावाखाली चार-पाच लाख मागणाऱ्या कंपनीला मात्र खर्च खरंच किती झाला हे विचारायला जागा आहे. या वसुलीवर वर जीएसटी लावला असेल तर तो भरू नका. बॉन्डची आणि नोटीस पिरियडची रक्कम जीएसटीत येत नाही, हे ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने स्पष्ट केलं आहे. पीएफ आणि ग्रॅच्युइटीतूनही ही वसुली करता येत नाही.

असो. भाचीने राजीनामा थांबवला. नवी कंपनी मे महिन्यापर्यंत थांबायला तयार नव्हती, ती ऑफर गेली. फेब्रुवारीत दुसरी मिळाली आणि १४ फेब्रुवारीला, मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, तिने ईमेल टाकला. ३ लाख वाचले. मग व्हेरिएबलची गाठ पडली.

तिच्या सीटीसीमध्ये व्हेरिएबल म्हणून वर्षाला २ लाख ४० हजार लिहिलेले होते. एप्रिलअखेर पत्र आलं: कंपनीची कामगिरी ८० टक्के, तिची स्वतःची ११० टक्के. २,४०,००० ला ०.८ ने आणि मग १.१ ने गुणलं की २,११,२००. वर्ष ३१ मार्चला पूर्ण झालेलं, त्यातला एकही दिवस तिने चुकवला नव्हता. पण पैसे जूनच्या पगाराबरोबर मिळणार होते आणि अटीत लिहिलं होतं की पैसे देण्याच्या दिवशी कर्मचारी हजेरीपटावर असला पाहिजे आणि तो नोटीसवर नसला पाहिजे. तिचा शेवटचा दिवस १४ मे. जूनमध्ये हाती काही आलं नाही.

हे अन्यायाचं आहे असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटतं, आणि हीच अट मी कित्येक पत्रांत लिहिली आहे. कंपनीचा युक्तिवाद असा की व्हेरिएबल हे केलेल्या कामाचं वेतन नसून पुढे थांबण्यासाठी दिलेलं बक्षीस आहे. पत्रात 'कंपनीच्या मर्जीनुसार' असे शब्द असतील तर त्या युक्तिवादाला बळ येतं. उलट पत्रात सूत्र ठरलेलं असेल, वर्ष संपलेलं असेल आणि आकडा लेखी कळवलेला असेल, तर ते कमावलेलं वेतन आहे असं म्हणायला जागा असते. दाव्यासाठी मुदत तीन वर्षांची. पण दोन लाखांसाठी वकील करून दिवाणी न्यायालयाची पायरी चढणारा मी अजून पाहिलेला नाही. भाचीने एचआरला एक ईमेल लिहिला. त्यांनी कलमाचा क्रमांक कळवला. तिथेच थांबलं.

कायद्याने मिळणारा बोनस निराळा, त्याची गल्लत करू नये. १९६५ च्या बोनस कायद्यातला किमान ८.३३ टक्के बोनस २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहितेत आला आहे. वर्षात तीस दिवस काम केलेला पात्र कर्मचारी नोकरी सोडून गेला तरी त्याचा हक्क जात नाही. तो जातो फसवणूक, चोरी, हिंसक वर्तन अशा कारणांनी काढलं तर. पण जुन्या कायद्यात महिना २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांनाच तो मिळायचा, म्हणजे हिंजवडीतल्या बहुतेकांचा त्याच्याशी संबंध नाही. त्याच संहितेत राजीनाम्यानंतर वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकतं करायची तरतूद आहे. 'फुल अँड फायनल ४५ दिवसांनी' ही सवय कंपन्यांना आता सोडावी लागेल.

नव्या कंपनीला भाचीने सही करण्याआधीच सांगितलं होतं की जुनीकडचे दोनेक लाख बुडणार आहेत. त्यांनी २ लाख जॉइनिंग बोनस देऊ केला, एका वर्षाच्या अटीवर, सोडल्यास पूर्ण परत. तिने उत्तर लिहिलं, की दर महिन्याला बारावा भाग कमी होईल असं लिहा आणि तारीख राजीनाम्याची नको, शेवटच्या दिवसाची धरा. दोन दिवसांनी दुरुस्त केलेलं पत्र आलं. दोन्ही बदल त्यात होते.