पाच जणांचा पगार आणि व्हायोलिनचं पोट

कंपनीतल्या कोणत्या विभागात किती पगार आहेत हे एकाच चित्रात दाखवायचं काम एचआरकडे आलं, की पूर्वी सरासरीचे उभे खांब काढले जायचे. ते आता मागे पडत चाललेत, हे बरंच झालं. एका विभागप्रमुखाचा गलेलठ्ठ पगार सरासरीत मिसळला की त्याच्या हाताखालचे सगळे कागदोपत्री श्रीमंत होतात. आपल्या कंपनी कायद्यानेही शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना संचालकांचं मानधन सरासरी पगाराशी नव्हे, तर मध्यक पगाराशी ताडून दाखवायला सांगितलं आहे. सगळे पगार चढत्या क्रमाने मांडले की बरोबर मधोमध येतो तो मध्यक.

खांबांच्या जागी आता दोन चित्रं दिसतात, बॉक्स प्लॉट आणि व्हायोलिन प्लॉट. पहिलं जॉन टुकी या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने रूढ केलं. १९७७च्या त्याच्या पुस्तकामुळे ते जगभर पोचलं. दुसरं जेरी हिंट्झ आणि रे नेल्सन यांनी १९९८मध्ये मांडलं. दिसायला दुसरं जास्त देखणं आहे, आणि पंचाईत तिथूनच सुरू होते.

बॉक्स प्लॉट वाचायला सोपा आहे. पगारांच्या चढत्या रांगेतला खालचा पाव आणि वरचा पाव बाजूला काढला, की उरलेल्या मधल्या निम्म्या लोकांची पेटी होते. पेटीतली रेघ म्हणजे मध्यक. पेटीच्या दोन्ही बाजूंना मिशा निघतात, पण त्या वाटेल तेवढ्या लांबत नाहीत. पेटीच्या लांबीच्या दीडपट अंतराच्या आत जो शेवटचा पगार असेल तिथे त्या थांबतात. त्यापलीकडचा प्रत्येक पगार स्वतंत्र ठिपका म्हणून दाखवला जातो.

या पेटीत काय लपतं, ते एका कल्पित कंपनीवरून पाहू. उत्पादन विभागात ८० जण आहेत. ४० मशीन ऑपरेटर, महिन्याला २२ ते २८ हजार. आणि ४० इंजिनिअर, ५५ ते ६५ हजार. पेटी साधारण २५ हजारांपासून ६० हजारांपर्यंत येते आणि मध्यकाची रेघ साडेएकेचाळीस हजारांवर. त्या विभागात साडेएकेचाळीस हजार घेणारा एकही माणूस नाही! शेजारच्या ग्राहक सेवा विभागातही ८० जण आहेत, पण त्यांचे पगार २२ ते ६५ हजारांमध्ये बऱ्यापैकी सारखे पसरलेत. त्यांची पेटी थोडी आखूड येते, पण मध्यकाची रेघ आणि मिशांची टोकं जवळपास तिथेच. दोन्ही विभाग मुळात किती वेगळे आहेत, हे चित्रात दिसत नाही. प्रत्यक्षात एकात दोन वेगळ्या जगांतले लोक आहेत, तर दुसऱ्यात एक सलग शिडी आहे.

व्हायोलिन प्लॉट इथे खरोखर कामाला येतो. तो कसा बनतो? आडव्या पट्टीवर प्रत्येकाच्या पगाराच्या जागी मूठभर तांदूळ ओतले, असं समजा. जिथे पगार दाटीने आहेत तिथे ढीग एकमेकांत मिसळून उंच होतात, जिथे नाहीत तिथे पट्टी उघडी राहते. वरून दिसणारी त्या ढिगांची सलग रेषा आणि तिचं आरशातलं प्रतिबिंब एकत्र जोडलं की व्हायोलिन तयार. उत्पादन विभागाच्या आकृतीला दोन पोटं आणि मध्ये अगदी बारीक कंबर येते, ग्राहक सेवेची आकृती सरळसोट. पेटीने जे झाकलं होतं ते एका नजरेत कळतं. ८० माणसांच्या विभागाला मी डोळे झाकून व्हायोलिन निवडेन.

पण ढीग किती पसरट ओतायचा, हे कोण ठरवतं? बहुतेक वेळा सॉफ्टवेअरच. त्याचा एक ठरलेला नियम असतो. पगार जितके विखुरलेले, तितका प्रत्येक ढीग पसरट. माणसं जितकी जास्त, तितका तो अरुंद. म्हणजे माणसं जितकी कमी, तितका ढीग ऐसपैस. नियम तसा शहाणा आहे, कारण माहिती थोडी असताना बारीक आकारांवर विश्वास ठेवू नये. पण त्याचा परिणाम पाहण्यासारखा आहे.

त्याच कंपनीत लीगल विभाग आहे. माणसं पाच. पगार ३२, ३८, ४१, ४७ आणि ९५ हजार. शेवटचा अर्थातच प्रमुखांचा. पायथॉनमधल्या सीबॉर्न या लोकप्रिय साधनात काहीही न बदलता या पाच आकड्यांचं व्हायोलिन काढलं, तर प्रत्येक ढिगाची पसरण सुमारे १८ हजार ४०० रुपये येते. शिवाय हे साधन दोन्ही टोकांना अशा दोन पसरणींइतकी शेपटी जोडतं. `cut=2` ही त्याची मूळची मांडणीच आहे. ३२ हजारांतून सुमारे ३६ हजार ८०० वजा करा. व्हायोलिनचं खालचं टोक शून्याच्याही खाली, उणे ४ हजार ८०० रुपयांच्या आसपास जातं. कामावर येण्यासाठी कंपनीला पैसे भरणारा वकील! वरचं टोक १ लाख ३२ हजारांच्या जवळ पोचतं, आणि तिथेही कोणी नाही.

उणे पगार निदान खटकतो तरी. खरी फसवणूक मधल्या भागात आहे. ४७ आणि ९५ हजारांमध्ये कोणीच नाही, पण ७१ हजारांच्या जागी त्या आकृतीची रुंदी सर्वात जाड भागाच्या एक तृतीयांशाहून जास्त भरते. प्रमुखांचा एकटा पगार वेगळं पोट म्हणूनही दिसत नाही. ढिगांच्या पसरटपणात तो मुरतो आणि आकृती वरच्या टोकाकडे नुसती निमुळती होत जाते. पाहणाऱ्याला वाटतं, इथे हळूहळू वर चढणारी पगाराची शिडी आहे. प्रत्यक्षात चार जण खाली आणि एक जण वर, मधल्या पायऱ्याच नाहीत. भरीस भर म्हणजे सीबॉर्न मुळात सगळ्या व्हायोलिनांचं क्षेत्रफळ सारखंच ठेवतं. त्यामुळे पाच जणांचं लीगल आणि ८० जणांचं उत्पादन कागदावर तोलामोलाचे दिसतात. `density_norm="count"` दिलं की लहान विभागाची आकृती बारीक होते, पण हे मुद्दाम सांगावं लागतं.

मग लीगलसाठी पेटी बरी, असं वाटेल. पाच पगारांची पेटी काढून पाहू. रांगेतला दुसरा पगार म्हणजे पेटीची खालची कड, ३८. तिसरा म्हणजे मध्यक, ४१. चौथा म्हणजे वरची कड, ४७. पेटीची लांबी ९ हजार, तिची दीडपट साडेतेरा हजार. खालची मिशी ३२ वर थांबते. वर ६० हजार ५००च्या आत ४७ नंतर कोणीच नाही, म्हणून वरची मिशी निघतच नाही आणि ९५ हजारांवर एकटा ठिपका उमटतो. मोजा: ३२, ३८, ४१, ४७, ९५. पाचही पगार चित्रात जसेच्या तसे आले. सारांश म्हणून काढलेलं चित्र हे पगारपत्रकच निघालं, फक्त नावं तेवढी गाळलेली. आणि पाच जणांच्या विभागात कोण किती वर्षांपासून आहे हे सगळ्यांना ठाऊक असताना नावं गाळून काय मिळवलं?

एक्सेलमध्ये तेच पाच आकडे टाकले तर चित्र आणखी वेगळं येतं. पेटीच्या कडा काढायच्या एकाहून जास्त पद्धती आहेत, आणि एक्सेलचा बॉक्स प्लॉट मुळात जी वापरतो तिच्यात कडा ३५ आणि ७१ हजारांवर येतात. पेटी चौपट लांब होते. ९५चा ठिपका गायब होऊन मिशीच तिथपर्यंत जाते. माणसं तीच, पगार तेच, पण एका चित्रात प्रमुख अपवाद आहेत आणि दुसऱ्यात विभागाच्या ऐसपैस पसाऱ्यातले एक. शंभर माणसांच्या विभागात या पद्धतींमधला फरक सहसा डोळ्याला जाणवत नाही. पाच जणांत तो अख्खी गोष्ट बदलतो. गुप्तता मात्र इथेही राहत नाही. ३५ हा पहिल्या दोन पगारांचा मध्यबिंदू आणि ७१ हा शेवटच्या दोघांचा. मिशांची टोकं माहीत असताना ३८ आणि ४७ काढायला शाळेतलं गणित पुरतं.

व्हायोलिनची शेपटी `cut=0` देऊन छाटली तर उणे पगार जातो. पण मग आकृतीची दोन टोकं बरोबर सर्वात कमी आणि सर्वात जास्त पगारावर येतात, म्हणजे प्रमुखांचा पगार पुन्हा उघडा. मधली खोटी चरबी मात्र तशीच राहते.

चित्रच काढू नये, विभागाचा एकच आकडा द्यावा, असं कोणी म्हणेल. विषम संख्येच्या विभागाचा मध्यक हा कोणा तरी एकाचा नेमका पगार असतो. लीगलचे ४१ हजार कोणाचे, हे तिथे बसणाऱ्याला ओळखायला वेळ लागणार नाही. सरासरी त्याहून बोलघेवडी आहे. समजा एप्रिलच्या अहवालात लीगलची सरासरी ५० हजार ६०० आहे. जूनमध्ये एक नवी वकील रुजू झाली, स्वागताचा मेल सगळ्यांना गेला. जुलैच्या अहवालात सहा जणांची सरासरी बरोबर ५१ हजार. सहा गुणिले ५१ म्हणजे ३०६ हजार; त्यातून पाच गुणिले ५०.६, म्हणजे २५३ हजार वजा. बाकीच्यांच्या पगारात मधल्या काळात बदल झाला नसेल, तर नव्या सहकाऱ्याचा पगार ५३ हजार. दोन्ही अहवाल एकेकटे पाहिले तर निरुपद्रवी होते.

म्हणून अशी चित्रं कर्मचाऱ्यांसमोर ठेवणाऱ्यांनी किमान संख्येची अट आधीच ठरवून ठेवावी आणि प्रत्येक विभागाच्या नावाखाली माणसांची संख्या छापावी. माझा कल असा: दहाहून कमी माणसं असतील तर बाहेर काहीच काढू नये. त्याहून मोठ्या, पण तीस-चाळिसांच्या आतल्या विभागाला पेटी, तीही ठिपके न दाखवता आणि मिशा सर्वात कमी-जास्त पगारांवर न नेता दहाव्या आणि नव्वदाव्या टक्क्यावर थांबवून. पन्नासच्या पुढे खुशाल व्हायोलिन. हे आकडे कुठल्या सिद्धांतातून आलेले नाहीत, कोणी त्यांपेक्षा कडक अट घातली तर उत्तमच. तेवढ्याने अडसर संपत नाही, कारण मोठ्या विभागातही सर्वात वरचा ठिपका कोणाचा हे शिपायालाही कळतं.

एचआरच्या आत, ज्यांच्यासमोर पगारपत्रक आधीच उघडं आहे त्यांच्यासाठी लीगलचे पाच साधे ठिपकेच काढावेत. ना पेटी, ना व्हायोलिन. पाच आकड्यांचा सारांश काढायची गरजच काय?

लहान विभाग एकत्र करण्याचा मार्गही आहे: लीगल, लेखा आणि प्रशासन मिळून ‘मुख्यालय’, २३ जण. पण कारकून आणि वकील एकत्र घातल्यावर दोन ढीग दिसले, तर ते विभागातल्या विषमतेचे की आपणच केलेल्या मोटेचे, हे चित्र सांगू शकत नाही. खाली तशी टीप द्यावी लागते. आणि लीगल गाळायचंच ठरलं, तर ते एकटं गाळून भागत नाही. अहवालात प्रत्येक विभागाची माणसं आणि सरासरी दिली असेल, शेवटी संपूर्ण कंपनीचीही, तर कंपनीच्या एकूण रकमेतून बाकीचे विभाग वजा केले की उरतं ते लीगलच. त्यामुळे सोबत आणखी एखादा विभाग गाळावा लागतो किंवा कंपनीचा एकूण आकडा. बहुतेक ठिकाणी एकूण आकडा गाळायला व्यवस्थापन तयार होत नाही, आणि मग दुसरा कोणता विभाग झाकायचा यावर बैठक लांबते.