‘कार्यवाही करण्यात यावी’

‘मा. सदस्यांनी प्रभागातील ड्रेनेज तुंबण्याच्या तक्रारींबाबत तीव्र नाराजी व्यक्त केली. तसेच अनेक ठिकाणी पथदिवे बंद असल्याचे निदर्शनास आणून दिले. त्यावर संबंधित विभागाने तातडीने उचित कार्यवाही करावी, असे निर्देश मा. अध्यक्षांनी दिले.’

हा मजकूर कुठल्या एका महापालिकेचा नाही. प्रभाग समित्यांची इतिवृत्ते चाळणाऱ्याच्या हाती पडणारा हा ठरीव साचा आहे. भाषा शुद्ध, आदरार्थी वचन जागच्या जागी. पण कुठल्या गल्लीतले ड्रेनेज, कितव्या नंबरचा खांब, कोणता अभियंता आणि किती तारखेपर्यंत, यांतले काहीच त्यात नाही. कार्यालयीन मराठीला कर्मणी प्रयोगाचा मोठा लळा. काम ‘करण्यात येते’, सूचना ‘देण्यात येतात’, आणि करणारा माणूस वाक्यातून अलगद निसटतो. महिन्याभराने तेच गटार पुन्हा वाहू लागले की जाब विचारायचा कोणाला, हे त्या कागदावरून कळत नाही.

प्रभाग समिती ही काही हौसेने भरणारी बैठक नव्हे. ७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ रोजी अमलात आली आणि तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांना अशा समित्या बंधनकारक झाल्या. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २९-अ मध्ये त्यांची रचना दिली आहे: त्या भागातले नगरसेवक, त्या भागाचा प्रभारी अधिकारी आणि सामाजिक संस्थांमधून घेतलेले जास्तीत जास्त तीन नामनिर्देशित सदस्य. पाणी, ड्रेनेज, स्वच्छता, पावसाळी पाण्याचा निचरा अशा रोजच्या तक्रारी झटपट सोडवणे हे समितीचे पहिले काम. शिवाय अंदाजपत्रकात खास तरतूद असेल तर ५ लाख रुपयांपर्यंतच्या कामाला ती स्वतः मंजुरी देऊ शकते. मुंबईचा अधिनियम वेगळा, १८८८चा, पण चौकट साधारण हीच.

म्हणून इतिवृत्तात आधी एक गोष्ट पाहावी: समितीने नेमके केले काय? ठराव, शिफारस, निर्देश आणि आश्वासन ही चार निरनिराळी प्रकरणे आहेत. ठरावाला क्रमांक असतो, सूचक आणि अनुमोदक असतात. शिफारस आयुक्तांकडे जाते आणि तिथे थांबूही शकते. निर्देश हा अध्यक्षांचा तोंडी शब्द. ‘पुढील आठवड्यात काम सुरू होईल’ हे अभियंत्याचे आश्वासन, आणि नाव-तारखेसह लिहिले नाही तर ते सभेतल्या चहाबरोबरच संपते.

आता ड्रेनेजचे एक उदाहरण मुद्दाम सविस्तर घेऊ. समजा, एका गल्लीत मैलापाण्याची जुनी १५० मिलिमीटर व्यासाची वाहिनी आहे. साधारण तीस-तीस मीटरवर एक, असे पाच चेंबर. एक नंबरचा वरच्या टोकाला, पाच नंबरचा मुख्य रस्त्यावरच्या मोठ्या लाइनला लागून. तक्रार येते: ‘तिसऱ्या चेंबरमधून घाण पाणी रस्त्यावर येते.’ मुकादम झाकणे उघडून पाहतो. तीन नंबर काठोकाठ भरलेला, चार नंबर जवळजवळ कोरडा. याचा अर्थ सरळ आहे: चोकअप तीन आणि चारच्या मध्ये. पण चार आणि पाचही भरलेले असतील तर दोष या गल्लीचा नाही. खालची मोठी लाइनच पाणी मागे ढकलते आहे. अशा वेळी गल्लीत दहा वेळा जेटिंग मशीन आणले तरी डिझेल जाळण्यापलीकडे काही साधत नाही.

इतिवृत्तात हा एवढा तपशील यायला हवा आणि तो दोन वाक्यांत येतो. सोबत दोन गोष्टींची नोंद फार मोलाची ठरते. पहिली म्हणजे पाणी केव्हा वर येते. फक्त पावसात येत असेल तर कुणीतरी गच्चीचे किंवा अंगणाचे पावसाळी पाणी मैलावाहिनीत जोडलेले असण्याची दाट शक्यता. ऐन उन्हाळ्यातही येत असेल तर कारण लाइनच्या आत शोधायचे. बोलताना आपण दोन्हींना ‘ड्रेनेज’ किंवा ‘गटार’ म्हणून मोकळे होतो, पण पावसाळी गटार आणि मैलापाण्याची वाहिनी यांची यंत्रणा निराळी, लेखाशीर्षही बहुधा निराळे. चुकीच्या खात्याकडे गेलेली तक्रार ‘सदर बाब या विभागाशी संबंधित नाही’ असा शेरा घेऊन परत येते, आणि त्यात एक महिना जातो.

दुसरी नोंद म्हणजे जेटिंग केल्यावर बाहेर काय निघाले. तेलकट, साबणासारखा पांढरा थर निघाला तर वरच्या बाजूला खानावळ आहे का, हे पाहायचे. वाळू-खडी निघाली तर बांधकामाचा राडारोडा आत गेला किंवा पाइपाचा सांधा फुटून भोवतालची माती आत येते आहे. मुळ्या निघाल्या तर सांधा सुटला आहेच. आणि सगळे साफ करूनही चेंबरच्या तळाशी पाणी नुसते उभे राहत असेल, पुढे सरकत नसेल, तर पाइप मध्ये खचला असून उतार गेला आहे. तिथे कॅमेरा आत सोडून किंवा लेव्हल घेऊन खात्री करायची आणि तेवढा टप्पा बदलायचा. एकाच ठिकाणी वर्षात चार-पाच वेळा चोकअप काढल्याच्या नोंदी असतील तर पुन्हा ‘साफसफाई करावी’ असे लिहिण्यात हशील नाही, कारण साफसफाई दर वेळी झालेली असते.

अशा वेळी चांगली नोंद कशी दिसेल? ‘चेंबर ३ ते ४ दरम्यान जानेवारीपासून चार वेळा चोकअप. पाणी पाऊस नसतानाही वर येते. कनिष्ठ अभियंता (ड्रेनेज) यांनी १५ ऑक्टोबरपर्यंत यंत्राद्वारे लाइन साफ करून कॅमेरा तपासणी करावी व पाइप बदलण्याचे अंदाजपत्रक पुढील सभेत ठेवावे.’ सगळा ऐवज तीन वाक्यांचा. यातला ‘यंत्राद्वारे’ हा शब्द शोभेचा नाही. २०१३च्या कायद्याने भूमिगत गटाराच्या धोकादायक सफाईसाठी माणूस कामाला लावण्यावर बंदी आणली आहे, आणि गटारात मृत्यू झाल्यास वारसांना ३० लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले. तरीही ठेकेदार घाईत असला की झाकण उघडून माणूस उतरवतोच. म्हणून पद्धत कागदावर लिहिलेली बरी.

तारखेतही मेख आहे. पावसाळ्यात रस्ता खोदाई सहसा बंद ठेवतात. पाइप बदलायचा निर्णय ऑक्टोबरात झाला तर अंदाजपत्रक, मंजुरी आणि निविदा उरकून उन्हाळ्यात खोदता येते. तोच निर्णय मेमध्ये झाला तर इतिवृत्त कितीही सुबक असो, गल्लीने तो पावसाळा घाणीतच काढायचा. आणि खर्च ५ लाखांच्या वर गेला की समितीची लेखणी थांबते. पुढे फक्त शिफारस. एकाच लाइनची दोन-तीन कामे वेगवेगळ्या ठरावांत, प्रत्येक ५ लाखांच्या जरा खाली दिसली, तर वाचणाऱ्याने भुवया उंचावाव्यात. कधी कारण खरे असते, कधी मर्यादा चुकवण्यासाठी तुकडे पाडलेले असतात.

पथदिव्यांचे प्रकरण त्या मानाने सोपे. फक्त मोजायला अंधारात जावे लागते.

‘रस्त्यावरचे दिवे बंद’ या तक्रारीतून वीज विभागाला काहीच कळत नाही. कोणते दिवे, हे कळले तर बरेचसे निदान टेबलावरच होते. एकच दिवा गेला असेल तर बहुधा फिटिंग किंवा त्यातला ड्रायव्हर उडाला. बऱ्याच रस्त्यांवर खांबांना तीन फेजमधून आळीपाळीने वीज दिलेली असते. तिथे दर तिसरा दिवा काळा दिसला तर एक फेज गेला आहे, दिवे शाबूत आहेत. एका खांबापर्यंत उजेड आणि पुढे सगळा काळोख असेल तर केबल मध्येच तुटली. अलीकडे तिथे कुणी खोदले होते का, हे विचारावे. अख्खा रस्ता अंधारात असेल तर फीडर पिलर उघडावा. आणि भर दुपारी दिवे जळत असतील तर टायमरचे घड्याळ चुकले किंवा कॉन्टॅक्टर अडकला. म्हणून इतिवृत्तात खांबावर रंगवलेले क्रमांक हवेत: ‘खांब ११, १४, १७ व २० बंद, मधले चालू.’ एवढ्यावरून वायरमन शिडी घेण्याआधी पिलरची किल्ली घेतो.

अनुपालन अहवालातली एक लबाडी मात्र ओळखून ठेवावी. ‘स्थळपाहणी केली, सर्व दिवे सुस्थितीत आढळले.’ पाहणी किती वाजता केली? सकाळी अकराला गेलेल्या माणसाला सुस्थितीत दिसतात ते खांब. शिवाय दुरुस्ती कोणाची, हेही लिहावे लागते. एलईडी बसवणाऱ्या कंपनीचा देखभाल करार चालू असेल तर वायरमनऐवजी त्या ठेकेदाराला नोटीस जाते. मुंबईत तर दिवे सांभाळणारे हातच वेगळे: शहर भागात बेस्ट, उपनगरांत बव्हंशी अदानी, मुलुंड-भांडुपकडे महावितरण. तिथे समिती पत्रव्यवहार करते, फ्यूज बदलत नाही. खांबाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, अशी तक्रार असेल तर ती इतिवृत्ताची वाट पाहण्याची गोष्टच नाही. त्याच मिनिटाला पिलर बंद करायचा.

हे कागद नागरिकांना पाहता येतात. २००५च्या माहिती अधिकार कायद्यातील कलम ४ नुसार समित्यांच्या बैठका लोकांसाठी खुल्या आहेत का आणि त्यांची इतिवृत्ते लोकांना मिळतात का, हे कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायचे असते. नाहीच मिळाले तर १० रुपयांचा अर्ज. मागताना एकट्या सभेचे मागू नये. लागोपाठच्या तीन सभांची इतिवृत्ते आणि त्यांचे अनुपालन अहवाल मागावेत. एकाच गल्लीचे नाव तिन्ही सभांत आले आणि तिन्ही वेळा शेरा ‘कार्यवाही सुरू’ असा असेल, तर कामाचा माग कुठे हरवला ते समजते.

मार्च २०२२ मध्ये मुंबई आणि पुण्याच्या महापालिकांची मुदत संपली, प्रशासक आले आणि नगरसेवक नसल्याने समित्यांच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. गटारे तुंबायची थांबली नाहीत, पण अभियंत्याने समोर उभे राहून उत्तर द्यायची ती मासिक जागा गेली.

समिती बसते तेव्हा विषयपत्रिकेवर पहिला विषय ठरलेला असतो: मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. बहुतेक वेळा तो अर्ध्या मिनिटात आटोपतो. ‘वाचले असे समजून कायम’ म्हणतात, माना हलतात, आणि सभा पुढच्या विषयाकडे वळते. खरे तर हीच वेळ असते हात वर करून विचारायची: चेंबर तीन ते चारचा कॅमेरा तपासणीचा अहवाल १५ तारखेला यायचा होता, तो आला का?